फोटोच्या कडेबाहेरचा हात

"बेटा, आसमान बढाव, दीवार बढाव, जमीन बढाव. आदमी को हात नको लगाव."

वहाबचाचांनी अपेक्षाला हे सांगितलं तेव्हा तिला सातवा महिना होता, आणि तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. पैठण गेटजवळच्या त्यांच्या फ्लेक्सच्या दुकानात ती डिझाइनचं काम करायची. कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर होता. फोटो उभा आणि फ्लेक्स आडवा, हे तर रोजचंच दुखणं. मोबाइलवर लोक उभा फोटो काढतात आणि चौकात लावायला आडवा बॅनर मागतात. पूर्वी अशा फोटोला मागून एखादा रंग नाहीतर किल्ला-बिल्ला जोडून वेळ मारून न्यावी लागे. आता प्रोग्रॅममध्येच सोय आली होती. फोटोच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडायची, ती निवडायची, बटण दाबायचं. मागची भिंत, झाड, आभाळ, जे असेल ते मशीन स्वतःच पुढं वाढवून देई. त्या वाढदिवसवाल्याचं कोपर फोटोच्या कडेला कापलं गेलं होतं, तेही मशीननं पूर्ण करून दिलं.

"कोपर बघा ना चाचा, किती छान आलंय," अपेक्षा म्हणाली होती.

"छान आलंय. पर उसका नहीं है ना." चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. "भिंत खोटी निघाली तर भिंत काय बोलनार नाय. माणसाचं तसं नसतं."

चाचांचं वय झालंय, ते हातानं पाट्या रंगवायच्या काळातले, असं तिनं मनाशी म्हटलं आणि फाईल छपाईला पाठवली. कुणी काही बोललं नाही. कोपराला कोण बघतं?

आता संस्कृती दोन वर्षांची झाली होती आणि अपेक्षा गारखेड्यातल्या भाड्याच्या घरातून काम करायची. स्वयंपाकघराच्या दाराशी टेबल, त्यावर लॅपटॉप. टेबल तिथंच का, तर तिथून पाण्याचं पिंप, गॅसची शेगडी आणि जिन्याचं फाटक, तिन्ही एका नजरेत येतात. नवरा सोमनाथ वाळूजला कंपनीत. तो म्हणायचा, "तू पोरीकडं बघतेस का पहारा देतेस?" ती म्हणायची, "दोन्ही." पोरगी झोपली तरी ती मधूनच उठून तिच्या नाकाशी बोट धरून यायची. साड्यांचं दुकान, दोन क्लास, एक मिठाईवाला अशी तिची ठरलेली गिऱ्हाइकं होती. एकच फोटो तिला तीन मापांत बसवून द्यावा लागे. स्टेटसला आणि स्टोरीला उभा, पोस्टला चौकोनी, दुकानाच्या पाटीला आडवा. मुख्य वस्तू कुठंही कापली जाता कामा नये. हे तिला आता इतकं सवयीचं झालं होतं, की भाजी निवडताना जसं बोटं आपोआप चालतात तसं ते चालायचं.

सोमवारी संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या सरिता वहिनी आल्या. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"अपेक्षा, आमचे आबा सापडंना गं सकाळधरनं."

कडूबा आबा म्हणजे त्यांचे सासरे. बहात्तरीचे, सडपातळ, डोक्यावर पांढरी टोपी. वर्षभरापासून त्यांना विसर पडायला लागला होता. जेवल्यावर पुन्हा ताट मागायचे, सुनेला बहिणीच्या नावानं हाक मारायचे. सकाळी दूध आणायला म्हणून निघाले ते परत आलेच नव्हते. मुलगा गोकुळ पोलीस ठाण्यात गेला होता. वहिनी मोबाइल पुढं करून उभ्या होत्या.

"हा एकच फोटो नीट हाय. लग्नातला. स्टेटसला ठेवायला, ग्रुपवर टाकायला अन् रस्त्यावर लावायला, सगळं करून दे. आत्ता दे."

अपेक्षानं फोटो लॅपटॉपवर घेतला. मांडवाच्या पिवळ्या कापडासमोर आबा उभे. टोपीपासून गुडघ्यापर्यंत. एका हातात काठी. दुसरा हात, डावा, मनगटापाशी फोटोच्या उजव्या कडेबाहेर गेलेला. चेहरा मात्र स्वच्छ होता, थोडा रागावलेला, जसा तो नेहमीच असायचा.

संस्कृती पायाला लोंबकळत होती, "आई मम्, आई मम्." अपेक्षानं तिला एका मांडीवर घेतलं आणि काम सुरू केलं.

स्टोरीचं माप सोपं गेलं. रुंदी फोटोइतकीच, फक्त वर-खाली जागा हवी. वर पिवळं कापड वाढलं, खाली धोतर आणि सतरंजी. वरच्या पट्ट्यात ॲपवर नाव येतं आणि खालच्या पट्ट्यात उत्तर लिहायची जागा, तिथं आपली अक्षरं झाकली जातात. म्हणून तिनं फोन नंबर मधेच घेतला. मग चौकोनी. टोपी ते गुडघे सगळं ठेवायचं तर दोन्ही बाजूंना पट्ट्या मोकळ्या पडत होत्या. आणि सहा बाय तीनच्या बॅनरला तर आबांच्या दोन्ही बाजूंना नुसतं रान मोकळं. तिनं आबांना मधोमध ठेवलं, रिकाम्या पट्ट्या निवडल्या आणि बटण दाबलं.

मशीननं तीन नमुने दिले. मांडवाचं कापड तिन्हींत झकास वाढलं होतं. फरक फक्त मनगटाच्या पुढं होता. पहिल्यात हाताचा नुसता गोळा. दुसऱ्यात हात सदऱ्याच्या खिशात. तिसऱ्यात हात सरळ खाली सोडलेला, पाचही बोटं नीट, नखं सुद्धा. पहिला तर बादच. खिसा जरा ओढूनताणून वाटत होता. तिनं तिसरा निवडला, आणि एवढ्या घाईतही आपण काम नीट केलं याचं तिला क्षणभर बरं वाटलं. चौकोनीतही तोच हात घेतला.

वहिनींनी मोबाइलच्या पडद्यावर तिन्ही बघितले. डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत फक्त चेहरा बघितला. "आबाच हायेत. पाठव."

मंगळवारी दुपारपर्यंत वहाबचाचांच्या दुकानातून नऊ बॅनर निघाले. गोकुळच्या मित्रांनी ते बसस्थानकाजवळ, महानुभाव आश्रमाच्या चौकात, पैठण रोडला चितेगाव आणि बिडकीनला बांधले. चौकोनी चित्र ग्रुपांवरून फिरत फिरत अपेक्षाच्या माहेरी पोचलं, आणि तिथून तिलाच परत आलं.

बुधवार तसाच गेला. फोन आले ते चौकशीचे. "सापडले का हो?" एवढंच विचारणारे.

गुरुवारी सकाळी अपेक्षा संस्कृतीला भरवत होती. सरिता वहिनी धावतच आल्या. मोबाइल हातात उघडा, स्पीकर चालू, आणि पलीकडून एक खणखणीत बाईमाणूस बोलत होतं.

"...बिडकीनहून चंपाबाई बोलते म्हणलं. माझं भज्याचं हाटेल हाय फाट्याला. नंबर एका रिक्षावाल्यानं लावून दिला, मला वाचाया येत नाय. ते बॅनरवरलं बाबा तुमचं का?"

"व्हय मावशी, आमचे सासरे हायेत ते. दिसले का तुम्हाला?"

"नाय, दिसलं असं नाय म्हणत मी. मी दुसरंच इचारते. त्यांना भाऊ हाय का एखांदा? जुळा-बिळा?"

वहिनींनी अपेक्षाकडं बघितलं. "जुळा? नाय वो. एक धाकटा हाय गावाला, पण त्याचं तोंड लई वेगळं. का बरं?"

"त्याचं असं झालं, मंगळवारी सकाळच्याला एक म्हातारं बाबा येऊन बाकड्यावर बसलं. बुधवारी बी बसलं. अन् समोरच तुमचा बॅनर. मी म्हणलं, अगं बया, हे तर हुबेहूब तेच. टोपी तीच, नाक तेच, अन् रागं भरल्यावाणी बघनं बी तेच. म्हणलं फोन लावावा. तर गिऱ्हाईक हसाया लागलं. म्हणलं, मावशी, याड लागलं का, ह्याचा हात बघ की. बघते तर खरंच. ह्या बाबाला तीन बोटंच नाय. अन् तुमच्या बॅनरवरल्या बाबाचा हात कसा, नवरदेवावाणी. म्हणून म्हणलं भाऊ असंल."

अपेक्षानं भरवायचा चमचा ताटलीत ठेवला.

"कोणता हात, मावशी?" वहिनींनी विचारलं. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"डावा."

वहिनींनी मोबाइल तोंडाजवळ नेला. "आता कुठायत ते?"

"गेलं की काल दुपारच्याला. पैठणच्या अंगानं चाललं. गावाला जायचं म्हणत व्हतं. म्या पिशवीत दोन भाकरी अन् ठेचा बांधून दिला. तुमचंच का मग? आता गं बया..." चंपाबाईचा आवाज एकदम खाली आला. "म्या जाऊ दिलं त्यांना. पुढ्यात बसलं व्हतं दोन दिवस."

"तुमचं काय चुकलं मावशी," वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवून त्यांनी लगेच गोकुळला लावला. पैठण रोड, बिडकीनच्या पुढं, काल दुपारी. गोकुळ गाडी काढून निघाला.

मग त्या अपेक्षाकडं वळल्या. "कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती त्यांची बोटं. आमच्या लग्नाच्या आधी. घरात आता ध्यानात बी येत नाय कुणाच्या. मी कपडे सांगितले, उंची सांगितली, अन् बोटांचंच राहिलं बघ. पोलिसांत यांनी सांगितलंय, पण बॅनरवर नाय सुचलं. अन् छापणाऱ्यानं दुसऱ्याचाच हात लावला का काय?"

छापणाऱ्यानं. वाक्य आयतं समोर आलं होतं. नुसतं 'असंल' म्हटलं असतं तरी भागलं असतं. वहिनींना फाईल म्हणजे काय, मशीन म्हणजे काय, काही कळत नव्हतं, आणि या घडीला त्यांना त्यात रसही नव्हता. दोन दिवस जिन्याचं फाटक, पिंपाचं झाकण, पोरीच्या तोंडातला मणी सगळं ती बघत होती, आणि जे तिच्या हातून सुटलं ते नऊ चौकांत सहा फूट लांब टांगलेलं होतं.

"वहिनी, छापणाऱ्याचं काही नाही. मी केलं ते."

"काय केलं?"

"आबांचा हात फोटोत नव्हताच. कडेला कापला गेला होता. बॅनर आडवा करायचा म्हणून बाजूला जागा वाढवली, तेव्हा मशीननं स्वतःच्या मनानं हात काढून दिला. मला दिसत होतं. मला वाटलं, छान आलाय."

रागावणं वहिनींना जमलं नाही की सुचलं नाही, कुणास ठाऊक. "तू आबांना बोटं दिलीस?" त्या हळूच म्हणाल्या. "अगं, फोटो काढायचा म्हणलं की ते तिरकेच उभे राहायचे. मुद्दाम हात बाहेर ठेवायचे. फोटोवाला म्हणायचा, बाबा, मधी या. यायचेच नाय."

अपेक्षानं फोटो पुन्हा उघडला. तिनं सोमवारी त्याला नुसता वाईट काढलेला फोटो समजलं होतं. आबा मधोमध नव्हते, एका कडेला रेलल्यासारखे होते. जे लपवायचं ते त्यांनी स्वतःच चौकटीबाहेर ठेवलं होतं, आणि तिनं विचारपूस न करता ते आत ओढून आणलं होतं, तेही भलतंच.

"आता कर काहीतरी," वहिनी म्हणाल्या. "रडू नको. रडायला मी हाय."

मूळ फोटोतला एकही ठिपका बदलायचा नाही, हे तिनं आधी ठरवलं. आबांचा थर वेगळा करून त्यावर कुलूप लावलं. मग एवढी साधी गोष्ट सोमवारी कशी सुचली नाही याचं तिला नवल वाटलं. आबांना मधोमध ठेवायची गरजच नव्हती. फोटोची उजवी कड तिनं बॅनरच्या उजव्या कडेला भिडवली. जिथं फोटो संपतो तिथंच बॅनर संपला. आता मनगट कापलेलं दिसत होतं, पण ते बॅनरच्या कडेनं कापलेलं होतं, जसं कुठल्याही फोटोत असतं. त्यापुढं मशीनला काढायला जागाच उरली नाही. सगळी मोकळी जागा डाव्या बाजूला आली, काठीच्या पलीकडं, जिथं नुसतं पिवळं कापड होतं. तेवढंच वाढवलं. आणि तिथं अक्षरांनाही ऐसपैस जागा झाली. चौकोनी चित्रातही तसंच. आबा उजवीकडं, कापड डावीकडं. स्टोरीत बाजूला जागा वाढवलीच नव्हती, म्हणून तिथं खोटा हात आला नव्हता. पण तिच्यावरही बोटांचं लिहायला हवं होतं.

"नुसतं लिहून भागणार नाही," ती म्हणाली. "चंपाबाईंना वाचता येत नाही. हात दिसायला पाहिजे. आबांचा खरा हात असलेला एक तरी फोटो असेल ना?"

वहिनींनी मोबाइल वरपासून खालपर्यंत चाळला. हात पाठीमागं. हात उपरण्याखाली. हात दुसऱ्याच्या आड. आबांनी कुठंच चूक केली नव्हती.

मग अपेक्षानं स्वतःचा मोबाइल घेतला. तिच्याकडं पोरीचे हजारोंनी फोटो होते, आणि त्यातला एकही तिनं कधी कुठं टाकला नव्हता. कोण बघतं, कोण उचलतं, काय करतं, नको. आजीला पाठवताना सुद्धा ती दोनदा सांगायची, पुढं पाठवू नका. सहा-सात महिन्यांपूर्वीचा एक फोटो तिला आठवत होता. गल्लीत आबा ओट्यावर बसलेले आणि मांडीवर संस्कृती. सापडला. आबांचा चेहरा हललेला, काही कामाचा नव्हता. पण डावा हात एकदम स्वच्छ. पोरगी पडेल म्हणून त्यांनी तिचं पाऊल तळहातावर धरलं होतं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट पावलाच्या एका बाजूनं वर आलेलं, आणि पुढं तीन बोटांच्या जागी गुळगुळीत झालेली कातडी.

पोरीला धरताना ते हात लपवायचं विसरले होते.

"हाच," वहिनी म्हणाल्या.

अपेक्षानं हातापुरता चौकोन आखला. संस्कृतीचा चेहरा, झबलं सगळं बाहेर गेलं. पाऊल मात्र जाईना. त्या इवल्या पावलानं तळहाताचा मधला भाग झाकला होता, पैंजणासकट. पाऊल पुसायचं तर खालचा तळहात भरून काढावा लागणार. तो प्रोग्रॅम एका बटणावर भरून देणार होता, नक्कीच. रेषा काढल्या असत्या, घट्टे काढले असते. आणि पुन्हा एकदा तो हात आबांचा राहिला नसता.

तिनं पाऊल राहू दिलं.

"पोरीचं पाऊल दिसंल गं सगळीकडं," वहिनी म्हणाल्या. त्यांना अपेक्षाचा स्वभाव माहीत होता.

"दिसू दे."

हाताचं ते चित्र तिनं गोलात, आबांच्या फोटोच्या डाव्या बाजूला, पिवळ्या कापडावर ठेवलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'डाव्या हाताची तीन बोटे नाहीत.' मग थांबली. एवढ्यावर काम संपलं असं म्हणता आलं असतं. नवं चित्र टाकायचं, जुनं लोक विसरतील. पण जुनं चित्र हजार मोबाइलांत होतं, आणि ज्यांनी आबांना बघून 'हे ते नव्हेत' असं एकदा ठरवलं होतं, ते दुसऱ्यांदा बघणारच नव्हते. त्यांना सांगायला हवं होतं, की तुमचे डोळे बरोबर होते. तिनं लाल अक्षरांत जोडलं, 'सोमवारच्या चित्रातला हात खोटा आहे. तो मी बनवला होता. ते चित्र पुसून टाका.' खाली सोशल मीडियावरच्या आपल्या कामाच्या पानाचं नाव तसंच ठेवलं.

वहिनी अक्षरं जुळवत वाचत होत्या. "तुझी गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"म्हणू दे वहिनी. मी आधी चाचांना फोन करते."

वहाबचाचांनी सगळं ऐकून घेतलं. ती वाट बघत होती, की आता म्हणतील, मी काय बोललो होतो. चाचा म्हणाले, "नया फाईल भेज. लेकिन पहले पुराने उतारना पडेंगे, बेटा. दो बॅनर लटके तो पब्लिक को क्या समजेगा? मी दुकानातल्या सरफराजला शिडी देऊन धाडतो. सबसे पहले बिडकीनका."

"चाचा, मला..."

"बाद में रोना. फाईल भेज."

अकरा वाजता तिन्ही मापं गेली. स्टोरीत आबांचा चेहरा मधल्या भागात, वर-खाली काही महत्त्वाचं नाही. चौकोनी ग्रुपांवर. आडवं छपाईला. सरिता वहिनी घरी गेल्याच नाहीत. अपेक्षाच्या स्वयंपाकघरात त्यांनी न विचारता कुकर लावला आणि संस्कृतीला काखेत घेऊन फेऱ्या मारत राहिल्या. अपेक्षाच्या पानावर लोक बोलायला लागले. कुणी लिहिलं, 'चूक कबूल केली हे बरं केलं.' कुणी लिहिलं, 'एक म्हातारा माणूस तुमच्यामुळं हरवला.' तिनं दुसरं वाक्य दोनदा वाचलं. त्याला उत्तर दिलं नाही, पुसलंही नाही. माणूस तिच्यामुळं हरवला नव्हता. पण दोन दिवस तो लोकांच्या पुढ्यात बसलेला होता, आणि लोकांनी त्याचा हात तिनं बनवलेल्या हाताशी ताडून बघितला होता. हा हिशेब तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाराच्या सुमारास वहिनींचा फोन वाजला. ढोरकीनहून कुणी मास्तर होते. काल दिवेलागणीच्या आधी त्यांनी आबांना रस्त्याकडेच्या पाण्याच्या हौदापाशी बघितलं होतं.

"मी त्यांना ओळखलं होतं, मॅडम," मास्तर म्हणाले. "म्हणजे ओळखलं असं वाटलं होतं. तुमचं चित्र मोबाइलमध्ये काढून त्यांच्या शेजारी धरून बघितलं. हात जुळेना. म्हटलं, उगीच कुणाला आशा लावायची. त्यांनी मला विचारलं, बैल कुठं बांधलेत. मी म्हटलं, इथं बैल नाहीत, बाबा. मग ते आतल्या रस्त्यानं गेले, शेतांकडं."

"तब्येत कशी होती?" वहिनींनी विचारलं.

"थकले होते. पण चालत होते. ओंजळीनं पाणी प्यायले. एकाच हाताच्या ओंजळीनं, म्हणून तर ध्यानात राहिलं."

वहिनींनी गोकुळला कळवलं. तो बिडकीनहून ढोरकीनकडं निघाला होता. चंपाबाई हॉटेल बंद करून त्याच्या गाडीवर मागं बसली होती. 'मी बघितलंय त्यांना, मी ओळखते,' म्हणून हटून बसली. पण ढोरकीनच्या आत रस्ते फुटतात. वस्त्या, मळे, गोठे, कालव्याकडची पायवाट. दोन माणसं किती ठिकाणी जाणार?

अपेक्षा पुन्हा लॅपटॉपशी बसली. या वेळी चित्राला तिनं हात लावला नाही. स्टोरीला जोडून अजून एक पान केलं. साधा पांढरा रंग, काळी अक्षरं. वरचा आणि खालचा पट्टा मोकळा ठेवला, म्हणजे काही झाकलं जायला नको. संस्कृती टेबलाखाली येऊन तिच्या पायावर उभी राहिली होती. अपेक्षानं एका हातानं तिचा दंड धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं लिहिलं:

'कडूबा आबा काल संध्याकाळी ढोरकीनच्या हौदापाशी होते. तिथून ते आतल्या रस्त्यानं शेतांकडं गेले. ते बैल शोधतायत. त्यामुळं हाक मारली तर थांबतीलच असं नाही, पण बैलाचं विचारलं तर थांबतील. ढोरकीन ते पैठणच्या मधे तुमचं घर, मळा, वस्ती असेल, तर हे वाचून पुढं पाठवायच्या आधी उठा. तुमच्या गोठ्यात, कडब्याच्या गंजीआड, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत एकदा बघून या. कुणी म्हातारं माणूस बसलेलं असलं, तर आमच्या चित्राशी ताडत बसू नका. आधी पाणी द्या, मग त्यांचा डावा हात बघा, आणि आम्हाला फोन करा. आत्ता जा. बघून या.'